दादाच्या हातातली भांडी आणि मानेतली नस

माझा मोठा भाऊ आचारी आहे, बावीस वर्षं मोठ्या किचनमध्ये उभा राहून काम केलंय त्याने. तर दीड वर्षापूर्वी त्याच्या हातातून भांडी सुटायला लागली. आधी चमचे, मग झारा, मग एक दिवस अख्खं पातेलं. सगळे हसले, म्हातारा झालास म्हणाले, तोही हसला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती. मी एकदा त्याच्या शेजारी उभा होतो, तो ढवळत होता तोवर सगळं ठीक, पण माझ्याशी बोलायला मान वळवली आणि झारा खाली. म्हणजे झारा हातात आहे की नाही हे त्याला हाताने कळतच नव्हतं, डोळ्यांनी बघून कळत होतं! नजर हटली की पकड गेली. नंतर गरम झाकण धरल्याचा फोड आला तो पण त्याला दुसऱ्यांनी दाखवला तेव्हा समजला.

बोटं बधिर, आचारी माणूस, दिवसभर चिरणं-ढवळणं, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं मनगटातली नस दबलीये, कार्पल टनेल. नसांची टेस्ट केली, त्यात मनगटाशी थोडा स्लो सिग्नल आला. रात्री पट्टा बांधून झाला, तीन महिन्यांनी उजव्या हाताचं छोटं ऑपरेशन पण झालं. फरक शून्य. आता कळतंय की असा थोडा स्लो सिग्नल हाताने काम करणाऱ्या बऱ्याच जणांत सापडतो, तो सापडला म्हणजे त्रासाचं कारण तेच असं नाही.

कार्पल टनेलमध्ये अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सहसा सुटते. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. दादाची करंगळी पण बधिर होती, दोन्ही हातांची, आणि रात्री तो मस्त झोपायचा. हे कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही कारण आम्हाला काय माहीत की करंगळीला एवढं महत्त्व आहे.

मग शर्टाची बटणं लागेनात आणि जिना उतरताना तो कठडा धरायला लागला. वहिनी म्हणाली पायांचं वेगळं दाखवू. वेगळं नव्हतंच ते!

दुसऱ्या डॉक्टरांनी हाताकडे बघायच्या आधी त्याला चालायला लावलं, टाचेला अंगठा लावून एका रेषेत. दोन पावलांत तोल गेला. मग म्हणाले दहा सेकंदांत मूठ जेवढ्या वेळा उघड-बंद करता येईल तेवढी कर. साधारण वीस व्हायला पाहिजेत, त्याच्या अकरा झाल्या, आणि करंगळी आपोआप बाजूला जात होती. मधल्या बोटाचं नख टिचकीसारखं खाली दाबून सोडलं तर अंगठा स्वतःहून आत वाकला. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय असा उडाला की मीच दचकलो. डॉक्टर म्हणाले, मनगटाची नस दबली तर पाय असा उडत नाही, मानेचा एमआरआय करा.

मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी आणि हाडाची वाढ, दोघांनी मिळून स्पायनल कॉर्ड दाबली होती. मान दुखत नव्हती, हेच तर फसवं. हातांकडे आणि पायांकडे जाणाऱ्या सगळ्या वायरी तिथूनच जातात म्हणून दोन्हीकडे गडबड.

आमच्या एका नातेवाईकांनी मधल्या काळात मान मोडून देणारा माणूस सुचवला होता. डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. दबलेल्या कॉर्डवर झटका बसला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात, म्हणाले. लघवीवरचा ताबा सुटायला लागला तर एक दिवसही थांबू नका हेही तेव्हाच सांगितलं.

ऑपरेशन गळ्याच्या पुढून झालं, गादी काढून तिथे आधार बसवला. आधीच स्पष्ट सांगितलं होतं की हे मुख्यतः आणखी बिघडू नये म्हणून आहे, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, जितकं लवकर तितकं बरं. माझा राग इथेच आहे, मनगटावर गेलेल्या त्या महिन्यांवर. डॉक्टरांवर पूर्ण नाही, कारण मुंग्या येणाऱ्या बहुतेकांचं कारण खरंच मनगट, शुगर नाहीतर बी-ट्वेल्व्ह असतं. पण चालून दाखव म्हणायला किती वेळ लागतो हो?

आता चाल बरीच सुधारली, बटणं लागतात, बोटांची टोकं अजून बधिरच. जड पातेली दुसरे उचलतात, तो चव बघतो आणि ओरडतो. कधीकधी दुपारी बसल्या बसल्या मुठी मोजायला मला घड्याळ धरायला लावतो. परवा सतरा झाल्या. वहिनीला मात्र त्याने अठरा सांगितल्या.