डबा मोठा म्हणजे माणसं जास्त नव्हेत

«दवाखान्यातल्या बोर्डाचा हा फोटो नीट बघा. फोनवरून नंबर लावणाऱ्यांचा डबा मोठा आहे, म्हणजे आता जास्त लोक फोन करतात. मधली रेघ म्हणजे सरासरी, ती दोन्हीकडे सारखीच, पंचवीस मिनिटं. मग फोनचा फायदा काय? वरची काठी संपते तिथे सगळ्यात लांब वाट संपली. ती सुटी टिंबं म्हणजे कॉम्प्युटरच्या चुका. तात्पर्य, सरळ जाऊन रांगेत उभे राहा.»

अण्णा, आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही हे टाकलंत आणि संध्याकाळपर्यंत ते टिळकनगरपासून रामबागेपर्यंत सगळ्यांच्या फोनवर फिरलं. माझ्याकडे तर तीन ठिकाणांहून आलं. बोर्डावर आहे तो बॉक्स आलेख: फोनवरून नंबर लावणाऱ्यांना आणि थेट रांगेत येणाऱ्यांना किती मिनिटं वाट बघावी लागली, त्याचे दोन डबे. मी सांख्यिकी शिकवते, त्यामुळे असा आलेख दिसला की हात शिवशिवतात. तो काढणारी मुलगी ओळखीची निघाली. दवाखान्याच्या वहीतले आकडे तिने मला दाखवले. म्हणून नुसत्या फोटोवरून नव्हे, वहीवरून बोलते आहे. नावं कुणाचीच घेत नाही.

आधी डबा. डब्याच्या उंचीचा आणि माणसांच्या संख्येचा काही संबंध नाही. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे आणि त्या ओळीचे चार सारखे भाग करायचे. मधले दोन भाग डब्यात येतात. म्हणजे कुठलाही डबा असो, त्यात निम्मी माणसं असतात, मग ती दहा असोत की दहा हजार. डबा उंच याचा अर्थ ती मधली माणसं दूर दूर पसरली आहेत, इतकाच. वही उघडली तर गंमत दिसते. रांगेतली माणसं ४४ आणि फोनवाली फक्त ११. छोट्या डब्यात चौपट माणसं! संख्या दाखवायचीच असेल तर डब्याची रुंदी कमीजास्त करण्याची पद्धत आहे, किंवा सरळ डब्याखाली आकडा लिहायचा. या आलेखात दोन्ही नाही, आणि ही त्या मुलीची चूक. ती तिने मान्यही केली.

मधल्या रेघेवर जरा थांबते, कारण शिकलेली माणसंही इथे घसरतात. ती रेघ सरासरीची नाही, मध्यकाची आहे. फोनवाल्यांचे अकराही आकडे मिनिटांत असे: ८, १२, १५, १८, २०, २४, ३०, ३८, ४५, ५२, ८५. यात सहावा, म्हणजे बरोब्बर मधला, २४. तो मध्यक. आता सगळ्यांची बेरीज करा, ३४७ येते. अकराने भागा, साडेएकतीस. एवढा फरक का? कारण शेवटचा ८५ सरासरीला आपल्याकडे ओढतो, मध्यकाला हलवत नाही. त्या ८५ च्या जागी १८५ लिहा, सरासरी चाळीसवर जाईल, मध्यक चोवीसवरच बसून राहील. एक्सेलमधल्या अशा आलेखात सरासरीसाठी फुलीची वेगळी खूण येते. तशी खूण नसेल तर सरासरी त्या चित्रात नाहीच असं समजायचं.

आणि दोन रेघा सारख्या तरी आहेत का? रांगेचा मध्यक वहीप्रमाणे २६, फोनचा २४. फोटोत त्या एका पातळीवर दिसतात, कारण फोटो बोर्डाच्या डाव्या बाजूला उभं राहून काढला आहे. मी तो मोठा करून स्क्रीनवर चक्क मोजपट्टी ठेवली. आलेखात २० आणि ४० च्या आडव्या रेघा आहेत. डाव्या कडेला त्यांच्यातलं अंतर २४ मिलिमीटर भरलं, उजव्या कडेला १९. म्हणजे तीच वीस मिनिटं डावीकडे मोठी आणि उजवीकडे लहान. मिनिटांचे आकडे छापले आहेत डावीकडे आणि फोनवाल्यांचा डबा आहे उजव्या कडेला. डावीकडचं माप उजवीकडे लावलं की पंचवीस मिनिटांचा डबा वीस मिनिटांचा वाटतो. म्हणजे तुम्हाला मोठा वाटलेला डबा प्रत्यक्षात त्याहूनही मोठा आहे!

असा तिरका फोटो वाचायचा तर नजर फोटोच्या कडेला धरून सरळ आडवी न्यायची नाही. आलेखातल्या आडव्या रेघेवरून, ती जशी तिरकी जाते तशी, बोट न्यायचं आणि डब्याच्या शेजारीच खालची आणि वरची रेघ किती दूर आहे ते बघायचं. फोनमध्ये कागद स्कॅन करायची सोय असेल तर चारी कोपरे धरून चित्र सरळ करून घ्यावं, काम अर्ध्यावर येतं. आपल्या फोटोत खालचा शून्य कापला गेला आहे, तेही लक्षात घ्या. पण २०, ४०, ६०, ८० यांच्यातली अंतरं जवळपास सारखी आहेत, म्हणून खाली आणखी एका घरावर शून्य असणार हे धरता येतं. तिथे १०, २०, ४०, ८० असे आकडे सारख्या अंतरावर असते, तर मामला वेगळा असता आणि डब्यांच्या उंचीची तुलना अशी करताच आली नसती.

आता मिश्या आणि टिंबं. तुम्ही काठी म्हणता तिला आम्ही मिशी म्हणतो. ती सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत जाते असं नाही. जॉन टुकी या अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञाने घालून दिलेला नियम असा: डब्याच्या उंचीची दीडपट करा आणि तेवढं अंतर डब्याच्या वर आणि खाली मोजा. ते कुंपण. कुंपणाच्या आत जो शेवटचा खरा आकडा असेल तिथे मिशी थांबते. बाहेर राहिलेले आकडे टिंबं होतात.

फोनवाल्यांचा डबा १६.५ ते ४१.५, उंची २५. दीडपट साडेसदतीस. वरचं कुंपण ७९ वर. त्याच्या आतला सर्वांत मोठा आकडा ५२, म्हणून मिशी ५२ ला संपली आणि ८५ बाहेर एकटा पडला. तेव्हा सगळ्यात लांब वाट ५२ ची नव्हे, ८५ ची. रांगेचा डबा २२ ते ३१, मिशी खाली १५ आणि वर ४०, आणि वर दोन टिंबं, ५० आणि ६२.

ही टिंबं चुकीची आहेत का, हे चित्र सांगू शकत नाही. वही सांगते. फोनवाला ८५ म्हणजे एक आजोबा. ९:४० ला आले, ११:०५ ला आत गेले. रांगेतला ६२ वाला १०:०५ ला आला, ११:०७ ला आत गेला. ५० वाला १०:२५ ते ११:१५. तारीख तिघांची एकच! त्या सकाळी डॉक्टरांना एका तातडीच्या रोग्याकडे जावं लागलं होतं. म्हणजे तिन्ही टिंबं खरी आहेत, तिन्हींचं कारण एक आहे, आणि ते फोनशी किंवा रांगेशी बांधलेलं नाही. वहीत ९:४० च्या जागी चुकून ७:४० लिहिलेलं सापडलं असतं तर आकडा दुरुस्त केला असता. तसं काही नसताना टिंब खोडणं म्हणजे आजोबांना वाट बघावीच लागली नाही असं म्हणणं.

टिंब उमटणं न उमटणं हे कधी कधी सॉफ्टवेअरवरही असतं. आकडे अकरा असले की ओळीचे निम्मे-निम्मे भाग करताना मधला २४ कुठे धरायचा हा प्रश्न येतो. त्या मुलीने ज्यात आलेख काढला त्या आर मध्ये तो दोन्ही बाजूंना मोजतात. हे लिहून बघा:

```r
fon <- c(8,12,15,18,20,24,30,38,45,52,85)
boxplot.stats(fon)
```

उत्तरात `$stats` खाली 8, 16.5, 24, 41.5, 52 येतात आणि `$out` खाली 85. एक्सेलचा तयार बॉक्स आलेख मात्र, तुम्ही काही बदललं नाही तर, २४ ला बाजूला ठेवतो. मग डबा होतो १५ ते ४५, उंची ३०, कुंपण ९० वर. त्या चित्रात टिंबच नाही, मिशी थेट ८५ पर्यंत! आकडे तेच, आजोबा तेच. माणसं थोडी असली की असं होतं. शे-दोनशे आकडे असते तर दोन्ही डब्यांत फारसा फरक पडला नसता.

राहिला तुमचा निकाल, रांगेत उभं राहण्याचा. मध्यकांत दोनच मिनिटांचं अंतर आहे म्हणून फायदा नाही, असं या चित्रातून निघत नाही. फायदा आहे असंही निघत नाही. अकरा माणसांचा मध्यक फार डळमळीत असतो. त्याचा अंदाज घ्यायला डब्याच्या उंचीला १.५८ ने गुणून माणसांच्या वर्गमुळाने भागतात आणि तेवढं मध्यकाच्या दोन्ही बाजूंना मोजतात. फोनसाठी ते जवळपास १२ येतं, म्हणजे खरा मध्यक १२ ते ३६ मध्ये कुठेही असू शकतो. रांगेसाठी दोन मिनिटं, २४ ते २८. एवढ्या मोठ्या पट्ट्याशी तुलना करून कोण जिंकलं ते कसं ठरवणार?

डबे जे खरोखर दाखवतात ते वेगळंच आहे. फोनवाल्या अकरांपैकी दोघं पंधरा मिनिटं व्हायच्या आधीच आत गेले, रांगेत पंधराहून कमी एकही नाही. उलट चाळीसच्या वर फोनवाले तिघं, आणि रांगेतल्या ४४ पैकी फक्त ती दोन टिंबं. म्हणजे रांगेचा भरवसा जास्त, फोनवर नशीब जास्त. निदान या अकरा जणांपुरतं तरी. ऑफिसला पोचायचं असेल तर मीही रांगच धरीन, पण तुमच्या कारणासाठी नाही.

फोनवाल्यांची वाट इतकी का पसरली, हे डब्यातून कधीच कळणार नाही. आत दोन वेगळे घोळके असले तरी डबा तसाच दिसतो. म्हणून मी त्या मुलीला सांगितलं, अकराच आकडे आहेत तर डबा कशाला, अकरा टिंबंच मांड आणि प्रत्येकाशेजारी फोनवर दिलेली वेळ लिही. सोमवारी नवा कागद लागेल. फोटो काढायला जाल तेव्हा अण्णा, बोर्डाच्या बरोबर समोर उभे राहा.