मजुरी 14 टक्के, आणि अ‍ॅपमध्ये नाव भलत्याचंच

ग्राहकाचा अभिप्राय: "24 ग्रॅमचं गंठण घेतलं, 14 टक्के मजुरी लावली. निपाणीत 6 टक्क्यांत मिळतंय, कागदाचा फोटो टाकलाय. हॉलमार्कचा नंबर अ‍ॅपमध्ये घातला तर दुसऱ्याच सराफाचं नाव येतंय. खानापूरहून शहापूरला येऊन फसलो."

दुकानाचं उत्तर:

नमस्कार ताई,

कागद टाकलात ते बरं झालं. त्यावर वजनाचा आकडा एकच आहे, 24 ग्रॅम. तुमच्या गंठणात काळे मणीच 3 ग्रॅम भरतात. आमच्या बिलात बघा, एकूण वजन 24, निव्वळ सोनं 21, आणि भाव न् मजुरी दोन्ही 21 वर.

सोपं जावं म्हणून 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 10,000 धरू. आमच्याकडे सोनं 2,10,000, मजुरी 29,400, वर 3 टक्के जीएसटी. सगळे मिळून 2,46,582. हॉलमार्किंगचे 45 रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. तिकडे 24 ग्रॅमवरच भाव लावला, तर 6 टक्के मजुरी धरूनही 2,62,032 होतात. म्हणजे काळे मणी सोन्याच्या भावाने घेतले की! मोडीला नेलं की मात्र 21 च ग्रॅम धरणार.

तिथं मणी वजा करून 21 वरच 6 टक्के लावत असतील, तर ते आमच्यापेक्षा खरंच स्वस्त आहेत, खुशाल तिथून घ्या. फक्त निव्वळ वजन कागदावर लिहून मागा, आणि 'घट' म्हणून वेगळं काही लावणार का तेही विचारा. आमच्या 14 टक्क्यांत घट आली. हे गंठण हाताने ओवलेलं आहे, तारेचा एकेक वेढा कारागीर बसवतो. मशीनच्या चेनला एवढी मजुरी मी मागणार नाही.

आता नावाचं. BIS Care मध्ये सहा अक्षरी एचयूआयडी घातल्यावर येतं ते ज्याने दागिना हॉलमार्क करून घेतला त्याचं नाव. हे गंठण आम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलं, म्हणून त्यांचं नाव दिसतंय. तुम्ही बघायचं ते दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता. अंगठीचा नंबर गंठणावर निघाला, किंवा दागिन्यावर 22K916 असून अ‍ॅपमध्ये 18 कॅरेट आलं, तर दुकानदाराला धरा. आणि हॉलमार्क शुद्धतेचा असतो, वजनाचा नव्हे. वजन काट्यावर स्वतः बघायचं.

तरी शंका असेल तर गंठण थेट हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या, फी 200 रुपये आणि कर. शुद्धता कमी भरली तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीची फी आम्ही देणं लागतो. येताना अहवाल आणि आमचं बिल दोन्ही आणा.