शेजारचा चार्ज केला आणि चालू ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला, म्हणजे फॉल्टच?

«सर्व मेंटेनन्स बंधूंसाठी महत्त्वाचे!! १) दुसरा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना शेजारचा चालू ट्रान्सफॉर्मर डिफरन्शियलवर ट्रिप झाला तर चालूच्या वाइंडिंगमध्ये शॉर्ट आहे, कारण इनरश फक्त नव्याने चार्ज होणाऱ्याला येतो. २) इनरश ५-१० सायकलमध्ये संपतो, त्यानंतरचा ट्रिप म्हणजे १०० टक्के फॉल्ट. ३) ट्रिप झालेला ट्रान्सफॉर्मर तपासल्याशिवाय परत चार्ज करू नका. ४) असा ट्रिप टाळायचा असेल तर दुसरा चार्ज होईपर्यंत चालूचा डिफरन्शियल बंद ठेवा. जास्तीत जास्त पुढे पाठवा.»

हा मेसेज बडोद्यातल्या मराठी इलेक्ट्रिकल मंडळींत बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण वाघोडियाकडच्या एका कारखान्यात माझा भाचा मेंटेनन्सला आहे. तिथे नेमका असा ट्रिप झाला आणि त्याच्या साहेबांनी हाच मेसेज दाखवून चांगला चालता १० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला पाठवायची तयारी सुरू केली. भाच्याचा फोन आला, "मामा, खरंच वाइंडिंग गेलं असेल का?" ज्या शहरात इतके ट्रान्सफॉर्मर बनतात तिथे हा प्रश्न पडावा याचंच मला वाईट वाटलं.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यानेच कुणाचा तरी जीव जाईल. पहिल्या ओळीत म्हणायचं की चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉर्ट आहे, आणि शेवटच्या ओळीत त्याच ट्रान्सफॉर्मरचं मुख्य संरक्षण काढून ठेवायला सांगायचं! लिहिणाऱ्याला स्वतःचा पहिला मुद्दा खरा वाटत असेल तर चौथा हा गुन्हा आहे. आणि चौथा योग्य वाटत असेल तर तो ट्रिप फॉल्टचा नाही हे त्याला मनातून ठाऊक आहे.

डिफरन्शियल रिले ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे करंट ताडून बघतो आणि फरक दिसला की ट्रिप देतो. तो बंद केल्यावर उरतं काय? बॅकअप ओव्हरकरंट आणि तेलातला गॅस पकडणारा बुखोल्झ. ओव्हरकरंटला खालच्या फीडरशी जुळवून वेळ दिलेला असतो, त्यामुळे आतला शॉर्ट तोडायला त्याला अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. डिफरन्शियल रिले तेच काम एक-दोन सायकलमध्ये करतो, वर फक्त ब्रेकरचा वेळ. थोड्याच टर्न्समधला शॉर्ट असेल तर लाइनचा करंट इतका कमी वाढतो की ओव्हरकरंट रिले उठतच नाही. १० एमव्हीए आणि त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला डिफरन्शियल असलाच पाहिजे असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहे. तो स्विचिंगच्या वेळी काढून ठेवायची सूट कुठे लिहिली आहे ते मला दाखवा.

आता पहिला मुद्दा. इनरश म्हणजे कोअर सॅच्युरेट झाल्यावर ट्रान्सफॉर्मर ओढतो तो मोठा मॅग्नेटायझिंग करंट, आणि तो चालू ट्रान्सफॉर्मरलाही येतो. त्याला सिम्पथेटिक इनरश म्हणतात आणि ही काही काल लागलेली गोष्ट नाही. सी. डी. हेवर्ड यांनी १९४१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्सच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये समांतर ट्रान्सफॉर्मरच्या लांबलेल्या इनरशवर आणि त्याने डिफरन्शियल रिलेवर होणाऱ्या परिणामावर शोधनिबंध लिहिला. म्हणजे हा मेसेज ऐंशीहून जास्त वर्षं मागे आहे.

हे कसं घडतं ते भाच्याच्या कारखान्याचे आकडे घेऊनच सांगतो. ६६ केव्हीची लाइन, डॉग कंडक्टर, सबस्टेशनपासून साधारण ८ किलोमीटर. डॉगचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.२८ ओहमच्या आसपास. मागच्या सोर्सचा थोडा धरून एकूण अडीच ओहम म्हणू. बसवर ६६/११ केव्हीचे १० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर. पहिला लोडवर चालू, दुसरा बंद. हिशोब एका फेजपुरता आणि ढोबळच आहे.

ट्रान्सफॉर्मरचा रेटेड करंट ८७ अँपिअर. दुसरा चार्ज केल्यावर इनरशचं शिखर रेटेडच्या सहापट, म्हणजे साधारण ७४० अँपिअर धरू. हे शिखर एकाच बाजूला येतं, समजा फक्त पॉझिटिव्ह अर्ध्या सायकलमध्ये, आणि उरलेल्या अर्ध्यात करंट जवळजवळ शून्य. त्यामुळे त्याची सरासरी शून्य न राहता दीडशे अँपिअरच्या आसपास राहते. हा डीसी भाग लाइनच्या अडीच ओहममधून जातो आणि तिथे ३७५ व्होल्ट डीसी पडतात. बसवरच्या व्होल्टेजची सरासरी शून्य न राहता तेवढी निगेटिव्ह बाजूला सरकते. फेजचं शिखर व्होल्टेज ५४,००० व्होल्ट. त्यात ३७५ म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी. पॅनेलवरच्या मीटरला याचा पत्ताही लागत नाही.

पण कोअरला लागतो. फ्लक्स हा व्होल्टेजची बेरीज करत जातो, आणि ही पाऊण टक्क्याची चूक प्रत्येक सायकलला साचते, रोज थोडं मागे पडणाऱ्या घड्याळासारखी. हिशोब केला तर एका सायकलला फ्लक्स आपल्या शिखराच्या साडेचार टक्के निगेटिव्ह बाजूला सरकतो. कोअर १.७ टेस्लावर चालत असेल आणि २ टेस्लाच्या आसपास सॅच्युरेट होत असेल, म्हणजे तिथून पुढे फ्लक्स थोडा वाढवायलाही प्रचंड करंट लागत असेल, तर मध्ये जागा आहे साडेसतरा टक्क्यांची. चार सायकलमध्ये ती संपली. दुसऱ्याचा इनरश तोवर थोडा ओसरतो, म्हणून पाच-सहा धरा. तिथून पुढे चालू ट्रान्सफॉर्मर निगेटिव्ह अर्ध्या सायकलमध्ये सॅच्युरेट होऊ लागतो आणि त्याचा मॅग्नेटायझिंग करंट सायकलगणिक वाढत जातो. वाइंडिंग अगदी धडधाकट असताना.

यातली गंमत अशी की बसवरचा तोच निगेटिव्ह ढकला दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरला सॅच्युरेशनमधून बाहेर काढत असतो. एकाला वर काढताना दुसऱ्याला आत लोटतो.

इथेच दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळतं. एकटा छोटा वितरण ट्रान्सफॉर्मर असेल तर इनरश थोड्या सायकलमध्ये बराच उतरतो, हे मान्य. पण दोन ट्रान्सफॉर्मर विरुद्ध बाजूंनी सॅच्युरेट झाले की एकाचा पॉझिटिव्ह डीसी आणि दुसऱ्याचा निगेटिव्ह डीसी लाइनमध्ये एकमेकांना खातात. डीसी त्या दोघांतच फिरत राहतो. लाइनचा अडीच ओहम हिशोबातून निघून जातो आणि डीसी जिरवायला उरतो फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स. म्हणून हा करंट ओसरायला सायकली नव्हे, सेकंद लागतात, मोठ्या युनिटला कित्येक सेकंद. सेकंदभरानंतर आलेल्या ट्रिपवरून फॉल्ट सिद्ध होत नाही.

मग करंटमधल्या दुप्पट फ्रिक्वेन्सीच्या भागावरून इनरश ओळखून ट्रिप रोखणारं सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग काय करत होतं, असं भाच्याने विचारलं. प्रश्न चांगला आहे. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच डिफरन्शियलच्या क्षेत्रात असते तर उत्तर सोपं होतं. अर्ध्या-अर्ध्या सायकलला उलटसुलट येणारी शिखरं एकत्र केली की सम हार्मोनिक रद्द होतात, आणि रिलेला तो करंट इनरशसारखा दिसतच नाही. पण इथे प्रत्येकाचा रिले वेगळा आहे आणि एकट्या ट्रान्सफॉर्मरच्या सिम्पथेटिक करंटमध्ये सेकंड हार्मोनिक भरपूर असतो. म्हणून मी त्याच्याकडून रिलेचा डिस्टर्बन्स रेकॉर्ड मागवला.

रेकॉर्डमध्ये पहिल्या काही सायकली चालू ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल करंट जवळजवळ शून्य होता. मग तो हळूहळू फुगत गेला, फक्त निगेटिव्ह बाजूला. दुसऱ्याच्या रेकॉर्डमध्ये त्याच फेजची शिखरं पॉझिटिव्ह होती. ११ केव्हीच्या बाजूचा लोड करंट होता तसाच. फॉल्टचा करंट असा पायरी-पायरीने चढत नाही, तो झटक्यात येतो आणि शेजाऱ्याच्या उलट्या बाजूचा मुहूर्त बघत नाही. सेकंदभरानंतर वाय फेजचा आकार बिघडला. इतका वेळ एकाच दिशेचा डीसी खाऊन एचव्हीचा सीटी, म्हणजे रिलेला करंट मोजून देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, सॅच्युरेट झाला होता. त्याने दाखवलेला करंट खोटा, त्यातला सेकंड हार्मोनिक १५ टक्क्यांच्या सेटिंगखाली घसरला, त्या एका फेजचं ब्लॉकिंग सुटलं आणि ट्रिप गेला.

तिसरा मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. डिफरन्शियलवर ट्रिप झालेलं युनिट डोळे झाकून परत चार्ज करायचं नसतं. पण तपासायचं म्हणजे दुरुस्तीला पाठवायचं नव्हे. आधी दोन्ही रेकॉर्ड, मग बुखोल्झमध्ये गॅस आहे का, तेलात विरघळलेल्या गॅसच्या तपासणीत, म्हणजे डीजीएमध्ये, ॲसिटिलीन आहे का, रेशो आणि मॅग्नेटायझिंग करंट जुन्या रिपोर्टशी जुळतात का. भाच्याकडे हे सगळं जुळलं, ॲसिटिलीन नाही.

मग दुसऱ्याचा इनरश एवढा मोठा का आला? शटडाउनमध्ये त्याची वाइंडिंग रेझिस्टन्स टेस्ट झाली होती. ती डीसीवर होते आणि कोअरमध्ये अवशिष्ट फ्लक्स सोडून जाते. नंतर डीमॅग्नेटाइझ करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी भाच्याला ते करून घ्यायला सांगितलं. टॅप असा ठेवायला सांगितला की एचव्हीला सर्वांत जास्त टर्न्स येतील, म्हणजे त्याच व्होल्टेजला फ्लक्स कमी राहील. आणि चालूच्या रिलेत क्रॉस ब्लॉकिंग मर्यादित वेळेसाठी लावून घ्यायला सांगितलं. त्यात एका फेजमध्ये इनरश दिसला तर तिन्ही फेज थांबतात. तेवढ्या वेळात कमी करंटचा खरा फॉल्ट आला तर ट्रिप उशिरा जाईल, ही किंमत आहेच. पण ब्लॉकिंग न जुमानणारा हायसेट एलिमेंट चालू राहतो, म्हणून मोठा शॉर्ट लगेच तुटतो. डिफरन्शियलच बंद केला तर तोही जातो.

यावेळी दुसरा ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला तेव्हा चालूच्या रेकॉर्डमध्ये जेमतेम दिसेल एवढाच करंट फुगला, ट्रिप नाही. दुरुस्तीची गाडी साहेबांनी रद्द केली. एचव्ही सीटीचा प्रश्न मात्र उभाच आहे. तो जिथे सॅच्युरेट होऊ लागतो ते नी-पॉइंट व्होल्टेज आणि रिलेपर्यंतच्या केबलचा रेझिस्टन्स पुढच्या शटडाउनमध्ये मोजायचाय, आणि सीटी तोकडा निघाला तर बदलावा लागेल.