लयकारिका फुगली, पण बिघाड गॉल्गीत

"मॅडम, सगळे म्हणतात की पेशीअंगकं म्हणजे निव्वळ पाठांतर. एक अंगक, एक काम. गॉल्गी म्हणजे पॅकिंग, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशवी. तक्ता पाठ केला की झालं. माझा तोंडपाठ आहे, तरी प्रश्न चुकतात."

तुझ्या वहीतला तक्ता बाजूला ठेव आणि आधी एक आजार बघ.

आय-सेल नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पेशींमधल्या लयकारिका न पचलेल्या कचऱ्याने फुगलेल्या दिसतात. तक्त्यावरून तू म्हणशील, पचवणारी विकरं तयारच होत नसतील. पण रक्त तपासलं, तर तीच विकरं तिथे नेहमीपेक्षा खूप जास्त सापडतात. म्हणजे विकरं झाली, पण भलतीकडे गेली.

'एक अंगक, एक काम' हे इथेच कोलमडतं. विकराच्या मागे मागे जा. ते खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोसोमवर बनतं आणि पुटिकेत बसून गॉल्गीत येतं. तिथे त्याच्या शर्करेच्या साखळीवर फॉस्फेट जोडून मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण तयार होते. ती ओळखणारे ग्राही गॉल्गीतच असतात. खूण दिसली की ते विकराला लयकारिकेच्या वाटेला लावतात. या आजारात खूण करणारं विकरच काम करत नाही. खूण नसलेला माल पेशीबाहेर जाणाऱ्या पुटिकांत चढतो. बिघाड गॉल्गीत झाला आणि दिसला लयकारिकेत. 'पॅकिंग' या शब्दात पत्ता घालण्याचं हे काम येतच नाही, म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

आता 'आत्मघाती पिशवी'. हे नाव परीक्षेत अजून चालतं, पण दिशाभूल करतं. लयकारिकेच्या आतला सामू साधारण ४.५ ते ५ असतो, बाहेर पेशीद्रवात तो ७.२ च्या आसपास. तिची विकरं आम्लातच नीट चालतात, त्यामुळे एखादी पिशवी फुटून थोडी विकरं सांडली तर ती मंदावतात. मोठ्या प्रमाणात फुटल्या तर मात्र पेशी मरू शकते. तिचं रोजचं काम जुनी अंगकं आणि बाहेरून आत घेतलेला माल पचवण्याचं. आतलं आम्ल टिकवायला पटलातले पंप एटीपी खर्चून प्रोटॉन आत ढकलतात, आणि त्या एटीपीचा मोठा वाटा तंतुकणिकेतून येतो. तक्त्यात या दोघी वेगवेगळ्या ओळींत बसल्यात.

'तक्ता पाठ केला की झालं' याचं उत्तर तुझ्या चुकलेल्या प्रश्नांतच आहे, त्यावर वेगळं काय बोलू.

पुढच्या तासाला एवढं लिहून आण. टे-सॅक्स आजारातही लयकारिकेत कचरा साचतो, पण तो मुख्यतः एकाच प्रकारच्या मेदाचा, आणि तो पचवणारं हेक्सोसॅमिनिडेज-ए रक्तातही कमीच सापडतं. वरच्या वाटेवर या विकराचं कुठे बिनसलं असेल, आणि गॉल्गीतल्या खुणेवर तू संशय का घेणार नाहीस?