टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आली, म्हणजे नेमके काय कळले?

फिरत असलेला मेसेज असा: “मोंटू टेस्ट आता कालबाह्य. आपल्याकडे सगळ्यांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे ती पॉझिटिव्हच येते. त्यापेक्षा रक्ताची टीबी गोल्ड करा. पॉझिटिव्ह आली तर अंगात टीबी आहे, निगेटिव्ह आली तर नाही. औषधे संपली की परत करा, निगेटिव्ह झाली म्हणजे बरे झालात.”

यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. त्वचेत टोचायची मोंटू काय किंवा रक्ताची टीबी गोल्ड काय, दोन्ही तपासण्या जंतूला शोधतच नाहीत. टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी; जंतूशी कधीतरी गाठ पडलेल्या टी पेशींना ती भेट आठवते का, एवढेच त्या विचारतात. हे समजायला आधी फुफ्फुसात काय घडते ते पाहू.

क्षयाचा जंतू श्वासावाटे वायुकोशात पोचला की तिथल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात, पण पचवू शकतातच असे नाही. जंतू ज्या पोकळीत कोंडला जातो तिच्यात पाचक रस येऊन मिसळू नयेत याची तजवीज तो स्वतःच करतो आणि पेशीच्या पोटात वाढत राहतो. मग तिच्याभोवती आणखी मॅक्रोफेज जमतात. काही एकमेकींना घट्ट चिकटतात, काही एकजीव होऊन अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनतात आणि बाहेरून टी पेशींचे कडे पडते. हाच ग्रॅन्युलोमा. त्याचा मधला भाग पुढे मरतो आणि पनीरच्या चुऱ्यासारखा होतो.

ग्रॅन्युलोमा म्हणजे तुरुंग असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे, कारण पहारा द्यायला येणारी प्रत्येक नवी मॅक्रोफेज जंतूसाठी नवे घरही ठरू शकते. माकडांवरच्या अभ्यासांत दिसले आहे, की एकाच फुफ्फुसात काही ग्रॅन्युलोमा जंतुरहित झालेले असतात, तर शेजारच्याच एखाद्यात जिवंत जंतू असतात. म्हणून ‘सुप्त क्षय’ ही सगळ्या शरीराची एकच अवस्था मानू नये. बरेचसे ग्रॅन्युलोमा शांत आहेत आणि माणूस आजारी नाही, इतकाच तिचा अर्थ. ही बांधणी टिकायला टीएनएफ-अल्फा हे रसायन लागते. संधिवातासाठी दिले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिम्युमॅब नेमके तेच अडवते, म्हणून ती इंजेक्शने सुरू करण्याआधी या तपासण्या मागवल्या जातात.

आता बीसीजी. मोंटूत टोचले जाणारे पीपीडी हे क्षयजंतूच्या अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्यातली कित्येक प्रथिने बीसीजीच्या जंतूतही असतात. त्यामुळे गोंधळ होऊ शकतो, हे खरे. पण आपल्याकडे बीसीजी जन्मानंतर लगेच देतात आणि तिचा मोंटूवरचा परिणाम वर्षांगणिक ओसरतो. तान्हेपणी लस घेतलेल्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली घेतला गेला. लशीला दहा वर्षे उलटल्यावर केवळ तिच्यामुळे १० मिमी किंवा जास्त प्रतिक्रिया आलेले लोक त्यात साधारण शंभरात एक होते. वयाचे पहिले वर्ष उलटल्यावर ज्यांना लस मिळाली, त्यांच्यात मात्र हे प्रमाण पाचात एक इतके होते. तेव्हा तिशीतल्या माणसाची मोंटू १४ मिमी आली, तर ‘बीसीजीमुळे असेल’ म्हणून ती बाजूला सारणे जन्मतः लस मिळालेल्या माणसाच्या बाबतीत बहुधा चूकच ठरते.

मोंटूचे खरे दुखणे बीसीजी नसून टोचणाऱ्याचा आणि मोजणाऱ्याचा हात आहे. ०.१ मिली द्रव त्वचेच्या आत, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर सुई धरून टोचायचा असतो. लगेच ६ ते १० मिमीचा फिकट फुगवटा उठला पाहिजे. तो उठला नाही, तर औषध त्वचेखाली गेले, आणि अशी टेस्ट दुसरीकडे, दोनचार इंच दूर, पुन्हा टोचावी लागते. वाचन ४८ ते ७२ तासांनी होते आणि मोजायचा असतो तो कडकपणा, लाली नव्हे. बॉलपेन बाहेरून आत हलक्या हाताने सरकवत न्यायचे, जिथे अडते तिथे खूण करायची, दुसऱ्या बाजूनेही तसेच करायचे आणि हाताच्या आडव्या दिशेने दोन खुणांतले अंतर घ्यायचे. नेहमीची मर्यादा १० मिमी, एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर ५ मिमी. रिपोर्टवर मिलीमीटर न लिहिता नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिले असेल तर आकडा मागून घ्या. द्रवाची मात्राही विचारा. आरटी-२३ प्रकारच्या पीपीडीची प्रमाण मात्रा २ युनिट असते. बाजारात १० युनिटच्याही कुप्या मिळतात, आणि त्यांनी फुगलेल्या आकड्याला १० मिमीची मर्यादा लावता येत नाही.

टीबी गोल्ड बीसीजीला फसत नाही, हा तिचा खरा फायदा. तिच्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोनच प्रथिने वापरतात. ती बनवणारा जनुकांचा तुकडा बीसीजीच्या जंतूने प्रयोगशाळेत, लस म्हणून सौम्य होत असतानाच गमावला. गंमत अशी, की हीच प्रथिने आता त्वचेतही टोचता येतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सी-टीबी ही चाचणी तशीच आहे: टोचणे मोंटूसारखे, वाचन ४८ ते ७२ तासांनी, मर्यादा ५ मिमी. म्हणजे ‘त्वचेची जुनी, रक्ताची नवी’ ही विभागणीही आता टिकत नाही. क्षयजंतूच्या कुळातले काही मोजके इतर मायकोबॅक्टेरिया, उदाहरणार्थ कन्सासी, ही प्रथिने बनवतात आणि तिथे टीबी गोल्ड आणि सी-टीबी दोन्ही फसू शकतात.

पण रक्ताच्या तपासणीतही हात असतोच. चार नळ्या असतात: काहीच न घातलेली करडी निल, क्षयाची प्रथिने असलेल्या हिरवी टीबी-१ आणि पिवळी टीबी-२, आणि टी पेशींना उठवणारा पदार्थ असलेली जांभळी मायटोजेन. जाग्या झालेल्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात, आणि रिपोर्टवरचे आकडे त्याचेच असतात. प्रत्येकीत १ मिली रक्त लागते. नळीच्या आतल्या भिंतीवर प्रथिनांचा थर असतो, म्हणून दहा वेळा उलटी-सुलटी करून सगळी भिंत रक्ताने भिजवावी लागते. फेस येईल इतके हलवले तर निकाल बिघडतो. मग नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात, आणि रक्त काढल्यापासून फार तर १६ तासांत हे सुरू झाले पाहिजे. गावात घेतलेले रक्त दुसऱ्या दिवशी शहरात पोचत असेल, तर बिघाड इथेच होतो. मोंटू आणि टीबी गोल्ड दोन्ही करायच्या असतील, तर रक्त मोंटूच्या दिवशीच किंवा वाचनाच्या वेळी घ्यावे. पीपीडीने टी पेशींची आठवण चाळवते आणि नंतर काढलेल्या रक्तात आकडा वाढू शकतो.

एक कल्पित घर घेऊ. वडिलांच्या थुंकीत जंतू सापडले आहेत. घरात चौदा वर्षांची मुलगी, स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारी आजी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे.

मुलीचा रिपोर्ट: निल ०.०८, टीबी-१ ०.४७, टीबी-२ ०.३९, मायटोजेन ८.६०. निल वजा केले की टीबी-१ चे ०.३९ उरतात. मर्यादा ०.३५ आहे, आणि हा आकडा निलच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही मोठा आहे, म्हणून कागदावर ‘पॉझिटिव्ह’. हेच रक्त पुन्हा तपासले तर ०.२९ येऊन ‘निगेटिव्ह’ही छापले जाऊ शकते. मर्यादेला खेटून असलेल्या आकड्यांत अशा कोलांट्या नेहमीच्या आहेत. मुलीच्या घरातच थुंकीत जंतू असलेला रुग्ण आहे, म्हणून इथे पॉझिटिव्हला वजन द्यायचे. कुणाशीही संपर्क न आलेल्या नोकरदाराच्या वैद्यकीय तपासणीत हाच आकडा आला असता, तर तपासणी पुन्हा केली असती. आणि वजन दिले तरी अर्थ ‘टीबी झाला’ असा होत नाही. राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के भारतीयांमध्ये संसर्ग आढळला. संसर्ग झालेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण ५ ते १० टक्क्यांनाच आजार होतो आणि त्यातला मोठा भाग पहिल्या दोन वर्षांत होतो. म्हणून मुलीला खोकला, ताप, वजनातली घट, गाठी यांबद्दल विचारायचे, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि काहीच नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करायचे: आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टीन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. हा क्रम उलटवता येत नाही. आजार चालू असताना एकट्या आयसोनियाझिडवर ठेवले, तर त्याला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात.

आजीचा रिपोर्ट: निल ०.१०, टीबी-१ ०.१२, टीबी-२ ०.१३, मायटोजेन ०.३८. घाईत वाचणारा याला निगेटिव्ह म्हणेल. पण मायटोजेन कोणत्याही धडधाकट टी पेशीला जागे करते. इथे निल वजा करून ०.२८ उरतात, आणि किमान ०.५ हवे होते. आजीच्या पेशींनी कुणालाच उत्तर दिलेले नाही, तर क्षयाबद्दल त्यांची साक्ष कशी घेणार? हा निकाल ‘अनिर्णित’.

तीन वर्षांच्या मुलाची तपासणीच करायची नाही. घरातल्या पाच वर्षांखालच्या बाळांना आजार नाही याची खात्री करून थेट प्रतिबंधक औषध देतात, कारण त्या वयात संसर्गापासून गंभीर आजारापर्यंतचा रस्ता फार छोटा असतो.

निगेटिव्हवर विसंबणे तर जास्तच धोक्याचे. संसर्गानंतर टी पेशी तयार होऊन रक्तात फिरू लागायला दोन ते आठ आठवडे जातात, त्याआधी दोन्ही तपासण्या गप्प राहतात. प्रत्यक्ष क्षयरोग झालेल्या माणसातही रक्ताची ही तपासणी साधारण पाचात एकदा निगेटिव्ह येते. दोन आठवडे खोकला असलेल्याने टीबी गोल्डवर पैसे घालवू नयेत. त्याची थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर गेली पाहिजे, कारण त्या तपासण्या जंतूचा डीएनए शोधतात.

औषधे संपल्यावर तपासणी पुन्हा करणे निरर्थक आहे. जंतू गेला तरी आठवण राहते. यशस्वी उपचारानंतर कित्येकांची टीबी गोल्ड पॉझिटिव्हच राहते, काहींचा आकडा खाली येतो, तर काहींचा वरही जातो, आणि त्यावरून बरे-वाईट ठरवता येत नाही. आजाराचा उपचार चालला आहे का, हे थुंकीवरून, वजनावरून आणि लक्षणांवरून कळते. प्रतिबंधक औषधाला तर असा कोणताच आरसा नाही. तिथे मोजायचे ते फक्त डोस: बारापैकी किती गिळले, कोणत्या आठवड्यात चुकला, आणि मळमळ, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे होणे ही यकृताची लक्षणे दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवले की नाही.