‘हळू’ म्हणजे वेग की दाब?

नवरा-बायकोनं शरीरसुखाबद्दल बोलावं, असं सगळेच सांगतात. बोलायचं कोणत्या शब्दांत, ते कुणी सांगत नाही. पुस्तकी शब्द प्रयोगशाळेतले वाटतात आणि रस्त्यावरचे शिवीसारखे. मधले जे दोन-चार उरतात, ते फसवे.

‘हळू’ घ्या. मराठीत हळू म्हणजे सावकाश, हळू म्हणजे हलक्या हातानं आणि हळू म्हणजे आवाज न करता. ‘जोरात’चंही तेच, भरभर की दाबून? समजा नाशिकच्या सिडकोतल्या वन बीएचकेमधलं एक जोडपं आहे, भिंतीपलीकडे सासू-सासरे झोपलेत. ती म्हणते, “हळू.” तो वेग कमी करतो, दाब तसाच ठेवतो. तिला टोचत होता तो दाब. ती पुन्हा म्हणते, “अरे हळू ना.” त्याला वाटतं, आवाज होतोय, म्हणून तो थांबून कानोसा घेतो. तिसऱ्यांदा ती काही बोलतच नाही, आणि हे गप्प बसणं त्याला होकार वाटतं. दोघांची इच्छा चांगली होती, शब्द चुकला.

म्हणून आधी वेग आणि दाब वेगळे करा. वेगासाठी ‘सावकाश’ आणि ‘भरभर’, दाबासाठी ‘हलकं’ आणि ‘घट्ट’. हे शब्द पलंगावर शिकू नका. रविवारी दुपारी, अंगभर कपड्यांत, मनगट ते कोपर एवढाच भाग घ्या. एकानं तीन प्रकारे हात फिरवायचा: बोटांच्या टोकांनी, तळव्यानं आणि थोडं दाबून. दुसऱ्यानं फक्त निवडायचं, “दुसरं बरं, पण त्याहून सावकाश.” मग पाळी बदलायची. पंधरा मिनिटं पुरतात. “कसं वाटलं?” विचारलंत तर “छान” एवढंच उत्तर येईल, म्हणून “हे की ते?” असं विचारा. आणि नाशिकच्या थंडीत आधी हात चोळून गरम करा; गार हाताखाली कुठलाच स्पर्श धड कळत नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० साली मांडलेल्या उपचारपद्धतीतही सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य असतात. पुढं काहीतरी ‘व्हायलाच हवं’ हे ओझं नसलं की अंग काय सांगतंय ते कळतं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ती म्हणते “छान”, आणि तो लगेच वेग वाढवतो. त्याच्या कानाला छान म्हणजे ‘आणखी’. पण चढत्या सुखात बहुतेकदा हवं असतं ते तीच जागा, तोच दाब आणि तीच लय, मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त. बदल झाला की चढलेलं उतरतं. इथे ‘असंच’ हा शब्द ठरवा, आणि त्याचा अर्थ एकच: काहीही बदलू नकोस. ‘अजून’ एकटा वापरू नका. अजून घट्ट की अजून वेळ, ते त्याला कळत नाही.

जागेसाठी घड्याळ सोपं पडतं. शिश्निकेचं, म्हणजे क्लिटोरिसचं, बाहेर दिसणारं टोक वाटाण्याएवढं किंवा त्याहून लहान असतं. बराचसा भाग आत पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियन मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनातून तो नीट दाखवून दिला. टोकावर थेट बोट अनेकींना झोंबतं. वरच्या त्वचेवरून किंवा बाजूनं बरं वाटतं. हा फरक बोटाच्या अर्ध्या पेराचा आहे, तिथं “जरा बाजूला” उपयोगाचं नाही. टोक मध्यभागी, पोटाकडची बाजू बारा, तिचा डावा हात तीनकडे. “दहा वाजता, हलकं, असंच.” चार शब्दांत काम झालं आणि पलीकडच्या खोलीतल्या कुणाला ऐकू गेलं तरी पत्ता लागत नाही! त्याच्या बाबतीतही हेच चालतं. स्खलनानंतर शिश्नाच्या टोकाला स्पर्श नकोसा होतो, हे कित्येक जण सांगतच नाहीत.

थांबवायचा शब्दही पक्का हवा. ‘बस’ चालणार नाही, तो सुखातही निघतो. लाडिक ‘नको ना’ची सवय असेल तर ती आजपासून सोडा, नको म्हणजे नकोच, लगेच हात बाजूला. काही क्षण दम हवा असेल तर वेगळा शब्द घ्या. नाशिककरांना ‘द्वारका’ सुचवतो, त्या चौकातल्या कोंडीत थांबायची सवय सगळ्यांना आहे.

कालचं ‘घट्ट’ आज दुखू शकतं. पाळीचे दिवस, थकवा, किती रंगात आलोय, यानं सगळं बदलतं, म्हणून पहिले दोन-तीन स्पर्श रोज नव्यानं विचारूनच. मात्र ‘हलकं’ म्हणूनही प्रत्येक वेळी दुखत असेल, जळजळ किंवा रक्त असेल, तर तिथं शब्द पुरणार नाहीत, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. नुसता कोरडेपणा असेल तर पाण्याचा आधार असलेलं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. घरचं खोबरेल नको, निदान कंडोम वापरत असाल तर नकोच. तेलानं लेटेक्स कमकुवत होऊन फाटतं.