जुन्या पुस्तकांवर व्हिनेगर चालवण्याआधी

“पावसाळ्यात जुन्या पुस्तकांना बुरशी आलीय? दिवसभर कडक उन्हात ठेवा, मग व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. डाग राहिलाच तर पाण्यात थोडं ब्लीच घालून लावा. जुने फोटोही असेच लख्ख होतात.” असा सल्ला मिळाला तर तो पाळण्याआधी थांबा.

उन्हाने पुस्तक वाळतं, हे खरं. पण शाई फिकटते, स्वस्त कागद आणखी पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो तो वाकतोच. वाळवायचं ते सावलीत, पुस्तक उभं करून, पानं थोडी मोकळी ठेवून. खोलीत पंखा चालू असावा, झोत थेट पानांवर नको. पुरेसं वाळलं का, हे बुरशीच सांगते. कोपऱ्यात मऊ ब्रशचं टोक लावून बघा. फरफटून कागदावर माखली तर अजून ओली आहे, थांबा. पिठासारखी झडली तर कामाला लागा.

व्हिनेगर म्हणजे आम्ल, आणि जुना कागद ठिसूळ होतो तो मुळात आम्लानेच. शिवाय ओलं फडकं बुरशी उचलत नाही, कागदाच्या तंतूंत दाबून बसवते. त्यापेक्षा एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून गॅलरीत बसा. आधी पुस्तक मिटलेलंच धरून तिन्ही कडा झटका, नाहीतर कडेवरची भुकटी आत जाते. मग एकेक पान उघडून शिवणीकडून बाहेरच्या दिशेने, एकाच दिशेत, हलका ब्रश फिरवा. माझ्याकडे आलेल्या एका खरेदीखताच्या घडीवर राखाडी थर होता. तो असाच झडला, खाली तपकिरी वलय उरलं. त्याच्या शेजारीच जांभळा शिक्का होता. ओला कापूस लागला असता तर जांभळा रंग अर्ध्या कागदावर पसरला असता. मजकूर वाचता येत होता, म्हणून वलय तसंच ठेवलं.

ब्लीच तर नकोच. बुरशीचा रंग तंतूंत मुरलेला असतो. तो काढताना ब्लीच तंतूच तोडतं, आणि घरच्या घरी ते पूर्ण धुऊन निघत नाही, त्यामुळे नुकसान पुढेही चालू राहतं. (कपाटात डांबरगोळ्या ठेवूनही बुरशी थांबत नाही, त्या किड्यांसाठी असतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं तर जास्त उपयोग होतो.)

खरा घात होतो तो फोटोंचा. जुन्या कृष्णधवल फोटोत चित्र बसलेलं असतं जिलेटिनच्या पातळ थरात. बुरशी तोच थर खाते, आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळू लागतो. ओलं फडकं फिरवलं की बुरशीबरोबर आजोबांचा चेहराही फडक्यावर येतो. फोटो तिरका धरून उजेडात बघा. पृष्ठभाग चकचकीत आणि सलग असेल तरच कोरडा, अगदी मऊ ब्रश हलकेच फिरवा. तो निस्तेज, खडबडीत किंवा पापुद्रा सुटलेला दिसला तर हात लावू नका, आधी स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोलायला जाऊ नका. काचेसकटच स्कॅन करा आणि सोडवायचं काम कागद-फोटो जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.